रुजू होण्याचे आठ आठवडे

दीर्घ आजारानंतर कामावर परतणाऱ्या कर्मचाऱ्याकडून कार्यालय साधारणतः दोनच कागद मागते. एक डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ज्याला सर्वत्र ‘फिटनेस’ म्हणतात, आणि दुसरा रुजू अहवाल. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 नुसार वैद्यकीय कारणावरून रजेवर गेलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला असे प्रमाणपत्र दिल्याशिवाय कामावर परतता येत नाही, आणि खासगी वा सहकारी संस्थांचे सेवानियमही बहुतेक याच वळणाचे असतात. या व्यवस्थेत माणूस एक तर आजारी असतो किंवा पूर्ण बरा. काल सायंकाळपर्यंत शून्य तास आणि आज सकाळपासून पूर्ण वेळ. शरीर मात्र असे एका दिवसात बदलत नाही. केमोथेरपी, हृदयशस्त्रक्रिया किंवा सिंधुदुर्गात पावसाळ्यानंतर ज्याची भीती घरोघर असते तो लेप्टोस्पायरोसिस यांतून उठलेला माणूस तपासणीत निर्दोष ठरल्यावरही कित्येक आठवडे लवकर थकतो. ही दरी भरून काढण्यासाठी कामाचे तास आठवड्यागणिक वाढवत नेणारे जे वेळापत्रक आखले जाते, त्याला टप्प्याटप्प्याने रुजू होणे म्हणता येईल.

काही देशांच्या कायद्यांनी या मधल्या अवस्थेला जागा दिली आहे. जर्मनीत ‘हॅम्बुर्ग मॉडेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कर्मचारी रोज दोन-चार तास कामावर जात असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो अद्याप आजारीच असतो आणि त्याला आजारपणाचे पैसे आरोग्य विमा निधीकडून मिळत राहतात. स्वीडनमध्ये आजारपणाचा लाभ पाव, अर्धा, पाऊण किंवा पूर्ण अशा हिश्श्यांत घेता येतो. भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेची रचना याच्या उलट होती, कारण 1948 च्या मूळ कायद्याप्रमाणे ज्या दिवशी माणूस काम करून वेतन घेतो त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ त्याला मिळत नसे, मग काम दोन तासांचे असो वा आठ तासांचे. त्यामुळे येथे अशा वेळापत्रकाचा खर्च उचलण्यासाठी बहुधा एकच खाते उरते, आणि ते म्हणजे कर्मचाऱ्याची शिल्लक रजा. वेळापत्रकाचा विचार म्हणूनच रुजू होण्याच्या दिवशी नव्हे, तर रजा अजून हातात असताना करावा लागतो. रजेचा शेवटचा दिवस संपवून जो परततो त्याच्यासमोर पूर्ण वेळ काम किंवा बिनपगारी रजा असे दोनच मार्ग राहतात.

किती रजा राखून ठेवावी लागते, हे एका कल्पित पण मालवण परिसरात सहज घडू शकेल अशा उदाहरणाने पाहता येते. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेली सत्तेचाळीस वर्षांची एक लिपिक-रोखपाल मालवणमधील एका पतसंस्थेत नोकरीला असून ती आचऱ्याहून, म्हणजे वीस-बावीस किलोमीटरवरून, एसटीने ये-जा करते असे धरू. संस्थेची वेळ दहा ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, म्हणजे दिवसाचे सात तास आणि सहा दिवसांचे बेचाळीस तास. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड तीन दिवस प्रत्येकी तीन तास, एकूण नऊ तास. दुसऱ्या आठवड्यात तास तेवढेच ठेवून दिवस चार, म्हणजे बारा तास. तिसऱ्यात दिवस चारच ठेवून रोज चार तास, म्हणजे सोळा; चौथ्यात पाच दिवस, म्हणजे वीस. पुढे पाच दिवस रोज पाच तास, नंतर पाच दिवस रोज सहा तास, मग सहा दिवस रोज सहा तास आणि अखेरीस पूर्ण बेचाळीस. या आखणीमागचा नियम साधा आहे: एका आठवड्यात एक तर दिवस वाढवावेत किंवा रोजचे तास, दोन्ही एकदम कधीही नाहीत, कारण दोन्ही वाढवल्यावर थकवा आला तर तो कशाने आला हे कळायला मार्ग उरत नाही.

आता हिशेब. पूर्ण वेळेआधीच्या या सात आठवड्यांत संस्थेला मिळायचे तास 294 आणि प्रत्यक्ष भरलेले तास 148. उरलेले 146 तास म्हणजे सात तासांच्या दिवसाने साधारण एकवीस दिवसांची रजा. मध्ये एखादा आठवडा पुढे न सरकता आहे तिथेच थांबण्याची वेळ येते, आणि ती येतेच असे धरून चालावे. चौथ्या आठवड्याचे वीस तास पाचव्यातही कायम ठेवले तर आणखी तीन दिवस लागतात. एकूण चोवीस दिवस, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याप्रमाणे बरोबर चार आठवड्यांची रजा आठ आठवड्यांवर पसरली. संस्थेच्या पदरी एकही जादा दिवस पडत नाही. जी व्यक्ती चार आठवडे आणखी घरी राहिली असती, तीच या काळात 168 तास काम करून जाते, फक्त पूर्ण वेळ चार आठवडे उशिरा सुरू होते. व्यवस्थापनाला हे वेळापत्रक सवलत वाटते. कागदावर मांडले की ते निव्वळ रजेची फेरमांडणी असल्याचे दिसते.

कागदावर न दिसणारी गोष्ट प्रवासाची आहे. आचऱ्याहून मालवणात पोहोचणे, परतीच्या गाडीची वाट पाहणे आणि थांब्यापासून घरापर्यंत चालणे यांत दिवसाचे अडीच तास जातात असे धरले, तर पहिल्या आठवड्याचे नऊ तास प्रत्यक्षात साडेसोळा होतात आणि तिसऱ्याचे सोळा तास सव्वीस. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना वेळापत्रकात चारच तास वाढतात, पण एक दिवस वाढल्याने शरीरावर साडेसहा तासांचा बोजा वाढतो. म्हणून दूरवरून येणाऱ्यासाठी दिवस वाढवण्यापेक्षा आहे त्या दिवसांत तास वाढवणे स्वस्त पडते, आणि मालवणातच घर असलेल्यासाठी हा हिशेब उलटही ठरू शकतो. कामाची वेळ ठरवताना आधी एसटीचे वेळापत्रक पाहावे. एक वाजता सुटलेल्या माणसाला पावणेतीनची गाडी मिळणार असेल तर तीन तासांची पाळी केवळ नावापुरती उरते. परगावी बसून नमुना वेळापत्रके छापणाऱ्यांना हे सुचण्याचे कारण नाही.

तास कमी करून काम मात्र तेवढेच ठेवणे ही दुसरी चूक, आणि ती सर्वांत अधिक आढळते. पतसंस्थेत रोखपालाच्या खिडकीचे काम तुकड्यांत वाटता येत नाही, कारण सकाळी ज्याने रोकड ताब्यात घेतली त्यानेच सायंकाळी मेळ घालून ती परत द्यायची असते, आणि पिग्मी एजंट दिवसभराची वसुली घेऊन येतात ती बहुधा दिवसाच्या उत्तरार्धात. दुपारी एक वाजता उठून जाणाऱ्या व्यक्तीकडे रोकड दिली तर मध्येच मोजणी करून ती दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागते, आणि फरक पडल्यास जबाबदारी कोणाची याचा वाद उरतो. यास्तव पहिल्या चार-पाच आठवड्यांत व्हाउचर तपासणे, पासबुकात नोंदी करणे, कर्जप्रकरणांतील कागदपत्रे पडताळणे अशी कामे तिच्याकडे असावीत, जी अर्धवट टाकून उठता येतात; खिडकी पूर्ण वेळ सुरू झाल्यावरच परत द्यावी. ज्या बाजूची शस्त्रक्रिया होऊन काखेतील गाठी काढल्या आहेत त्या हाताने जड खतावण्या किंवा नाण्यांच्या पिशव्या एकदम उचलणेही टाळावे, कारण हाताला सूज येण्याचा धोका उपचारानंतर दीर्घकाळ राहतो. वजनही तासांप्रमाणेच हळूहळू वाढवायचे असते. आणि पहिल्या आठवड्यातील तीन दिवसांत आठवडा बाजाराचा दिवस येऊ देऊ नये.

वेळापत्रक जास्त होत आहे हे ओळखायचे कसे? ज्या दिवशी तास वाढले त्या सायंकाळचा थकवा फारसे काही सांगत नाही. तो अपेक्षितच असतो. पाहायचे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ. रात्रभर झोपूनही सकाळी तेवढाच थकवा शिल्लक असेल, रविवारचा संपूर्ण दिवस अंथरुणात जात असेल, पाळीच्या शेवटच्या अर्ध्या तासात आकडे उलटे लिहिले जाऊ लागले असतील, तर पुढची पायरी थांबवून तोच आठवडा पुन्हा घ्यावा. सलग दोन आठवडे असेच गेले तर एक पायरी खाली यावे. याउलट धोका चांगल्या आठवड्याचा असतो. बरे वाटते म्हणून कर्मचारी स्वतःच साडेचारपर्यंत थांबतो, सहकारी कौतुक करतात, आणि पुढच्या आठवड्यात तीन दिवस गैरहजेरी लागते. वेळापत्रकातील तास ही कमाल मर्यादाही असते, हे लेखी आदेशात नमूद केलेले बरे, म्हणजे लवकर उठून जाणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि थांबवून घेणाऱ्याला आधार राहत नाही.

शासकीय कार्यालयांत ही आखणी तासांऐवजी दिवसांत करावी लागते, कारण अर्जित किंवा अर्धवेतनी रजा पूर्ण दिवसांचीच मोजली जाते, अर्ध्या दिवसाची सोय किरकोळ रजेपुरती आहे, आणि वर्षाला आठच दिवस मिळणारी ती किरकोळ रजा इतर रजेला जोडून घेता येत नाही. तेथे एक दिवसाआड पूर्ण दिवस एवढेच शक्य असते आणि त्यालाही वरिष्ठांची मान्यता लागते. ओरोसच्या जिल्हा मुख्यालयात ये-जा करणाऱ्याला प्रवास निम्म्यावर आल्याने ते परवडूही शकते.

काही व्यवसायांत तासांची पायरी मुळातच बसत नाही. ट्रॉलरवर गेलेला खलाशी चार तासांनी किनाऱ्यावर परतू शकत नाही. त्याच्यासाठी पहिला टप्पा म्हणजे जाळी दुरुस्ती, बर्फ आणि डिझेलची नोंद, मासळीची मोजणी अशी जमिनीवरची कामे, आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात परतणाऱ्याला ती आपसूक मिळतात. तारकर्लीच्या पाण्यात पर्यटकांना घेऊन उतरणाऱ्या डायव्हरसाठी मोजमाप तासांचे नसून दिवसातील बुड्यांचे आणि खोलीचे असते, शिवाय पाण्यात उतरण्यास योग्य असल्याचे वेगळे वैद्यकीय मत लागते. साधे ‘फिटनेस’ तेथे पुरत नाही. या दोन्ही धंद्यांत मजुरी बहुधा फेरीवर किंवा हिश्श्यावर असल्याने राखून ठेवायला रजाच नसते, आणि वर मांडलेला चोवीस दिवसांचा हिशेब त्यांच्या उपयोगाचा नाही. तेथे टप्पे पडतात ते मालकाच्या मर्जीवर.

वेळापत्रक एखाद्या टप्प्यावर कायमचे अडले तर प्रश्न वेगळा होतो. आठ आठवड्यांचे बारा झाले, आठवड्याचे तीस तास ओलांडले की प्रत्येक वेळी घसरण होते, राखीव रजाही संपली, अशा वेळी आणखी आठवडे जोडत राहण्यात अर्थ नसतो. तपासणी पुन्हा करून उरलेली मर्यादा तात्पुरती आहे की कायमची हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे लागते. ती कायमची असून कायद्याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वात मोडत असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 प्रमाणे शासकीय आस्थापनेला सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, आणि मूळ पदासाठी तो योग्य राहिला नसल्यास त्याच वेतनश्रेणीत व सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. सहकारी पतसंस्थेसाठी याच कलमाचा आधार घेता येईलच असे नाही. तेथे रोखपालाची खिडकी सोडून कायम तपासणीच्या टेबलावर बसण्याचा मार्ग संस्थेच्या सेवानियमांतून आणि संचालक मंडळाच्या ठरावातून काढावा लागतो.