प्रमाणपत्र असूनही एक्स-रेचं बटण का दाबू देत नाहीत?

रेडिओग्राफीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या बऱ्याच मुलामुलींची समजूत असते की ‘रेडिएशन सेफ्टी’चं एक प्रमाणपत्र फायलीत आलं की कुठल्याही हॉस्पिटलात मशीनपुढे उभं राहता येतं. ही समजूत पक्की करणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातीही पुष्कळ दिसतात. भारतातली व्यवस्था मात्र वेगळ्या पायावर उभी आहे. एक्स-रे मशीन चालवण्याची परवानगी तंत्रज्ञाच्या खिशात नसते, ती संस्थेला मिळते आणि त्या-त्या मशीनपुरती असते. तंत्रज्ञाबरोबर गावोगाव फिरतात त्या दोनच गोष्टी: त्याचं शिक्षण आणि त्याच्या अंगावर आजवर पडलेल्या किरणांचा हिशेब.

परवानगी देणारी संस्था म्हणजे मुंबईतलं अणुऊर्जा नियामक मंडळ, सगळे ज्याला एईआरबी म्हणतात ते. हॉस्पिटल मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर मशीनसाठी परवान्याचा अर्ज करतं. त्यात मशीनबरोबरच ते चालवणाऱ्या माणसांची पात्रता आणि त्यांच्या बॅजची माहिती भरावी लागते. म्हणून चांगलं हॉस्पिटल मुलाखतीत आधी मूळ डिप्लोमा किंवा पदवी मागतं. बारावी विज्ञान झालं आहे का, रेडिओग्राफीचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचा आहे का, त्यात मशीनवर प्रत्यक्ष काम शिकवलं का, हे पाहिलं जातं. महाराष्ट्रात पॅरावैद्यक परिषदेची नोंदणीही विचारतात. दोन दिवसांच्या कोर्सने ज्ञानात भर पडत असेल, पण या शिक्षणाची जागा तो घेऊ शकत नाही.

‘आरएसओ’ या परीक्षेबद्दलही असाच घोळ होतो. आरएसओ म्हणजे किरण सुरक्षा अधिकारी. अनुभवी तंत्रज्ञ ही परीक्षा देऊन उत्तीर्ण होऊ शकतो. पण उत्तीर्ण झाल्याने तो आरएसओ होत नाही. हॉस्पिटलने त्याचं नाव सुचवावं लागतं, मंडळाने मान्यता द्यावी लागते, आणि ती मान्यता त्याच संस्थेपुरती असते. नोकरी बदलली की नव्या ठिकाणी पुन्हा नाव सुचवणं आलं, आणि जुन्या हॉस्पिटललाही दुसरा माणूस नेमावा लागतो.

आता बॅजकडे येऊ, कारण खरी तपासणी इथे होते. छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा हा लहानसा बॅज म्हणजे टीएलडी. त्यात किरण साठवून ठेवणाऱ्या तीन चकत्या असतात. एक्स-रे विभागात साधारण तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथे चकत्या तापवल्या की त्या प्रकाश सोडतात, आणि त्या प्रकाशावरून किती मात्रा मिळाली ते मोजलं जातं. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक कायमचा क्रमांक असतो आणि त्याच्या मात्रांची नोंद भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाते. हॉस्पिटल बदललं तरी क्रमांक तोच राहायला हवा. जुना क्रमांक न सांगता नव्या ठिकाणी नवा घेतला, तर एकाच माणसाच्या मात्रा दोन खात्यांत विभागल्या जातात आणि बेरीज कुठेच होत नाही. दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. त्यांनी दोन्हीकडे त्या-त्या संस्थेचा बॅज लावायचा असतो आणि क्रमांक एकच सांगायचा असतो.

मर्यादा अशा आहेत: कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. साधे एक्स-रे काढणाऱ्या, नीट आडोशाला उभं राहणाऱ्या तंत्रज्ञाची वर्षाची मात्रा सहसा 1 च्याही आत असते. म्हणूनच नव्या मालकाने आकडा मर्यादेत आहे की नाही एवढंच पाहून थांबू नये, असं मला वाटतं.

समजा, कोल्हापूरच्या एका छोट्या हॉस्पिटलातला तंत्रज्ञ पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात अर्ज करतो. त्याच्या चार तिमाहींच्या मात्रा आहेत 0.10, 0.05, 8.90 आणि 0.10. बेरीज 9.15, म्हणजे वर्षाच्या 30 च्या कितीतरी आत. कागदावर तो पात्रच आहे. पण जाणत्या आरएसओची नजर तिसऱ्या आकड्यावर थांबेल. काम तेच, मशीन तेच, मग एकाच तिमाहीत मात्रा जवळपास 90 पट कशी वाढली?

पहिला प्रश्न कामाचा: त्या तीन महिन्यांत सी-आर्मवर नवं काम सुरू झालं होतं का? शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या शेजारी उभं राहावं लागतं, तिथे खरोखर मात्रा वाढू शकते. दुसरा प्रश्न सोबत्यांचा: त्याच खोलीत काम करणाऱ्यांचे आकडे काय होते? तेही वाढले असतील तर मशीनमधून होणारी गळती किंवा आडोसा तपासायला हवा. सोबत्याचा आकडा 0.10 असेल, तर संशय बॅजकडे वळतो. तिसरा प्रश्न कंट्रोल बॅजचा. हा बॅज कुणी घालत नाही. किरणांपासून दूर ठेवायचा असतो आणि त्याचा आकडा इतरांच्या आकड्यातून वजा होतो. तो कुणी एक्स-रे खोलीत ठेवला असेल तर सगळ्यांचीच बेरीज बिघडते.

समजा उत्तर असं आलं: तंत्रज्ञ दोन आठवडे रजेवर होता आणि त्याचा बॅज शस्त्रक्रियागृहात, सी-आर्मजवळच्या खुंटीवर एप्रनला लावलेला राहिला. मात्रा बॅजला मिळाली, माणसाला नाही. तीन चकत्यांवर वेगवेगळी आवरणं असतात. त्यांच्या आकड्यांच्या प्रमाणावरून किरण कसे होते याचा अंदाज प्रयोगशाळेला येतो, म्हणून असा दावा पडताळून पाहता येतो. पण हॉस्पिटलने तो आकडा स्वतःच खोडायचा नसतो. चौकशी लिहून कळवायची असते. चौकशीचा कागद नसलेला 8.90 हा आकडा नव्या मालकाला काहीच सांगत नाही, आणि तसा कागद मागणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. मात्रा 100 मिलिसिव्हर्टच्या वर गेल्याची नोंद आली, तर रक्तातल्या गुणसूत्रांची तपासणी करून ती खरी आहे का ते पाहिलं जातं.

मला जास्त काळजी वाटते ती सलग चार तिमाही 0.00 दाखवणाऱ्या नोंदीची. तंत्रज्ञ काळजीपूर्वक काम करतो म्हणूनही तो आकडा येऊ शकतो, आणि बॅज वर्षभर टेबलाच्या खणात पडून होता म्हणूनही. दिवसाला किती एक्स-रे, किती पोर्टेबल, किती सी-आर्म केसेस, हे विचारलं की फरक कळतो. सी-आर्मवर रोज काम आणि बॅज कायम शून्य, असं दिसलं तर बॅज कुठे ठेवतात, हे विचारायलाच हवं.

कागद संपले की मशीनपुढची तपासणी उरते. नेमणुकीपूर्वीची वैद्यकीय तपासणी झालेली असावी आणि वय 18 पूर्ण असावं, हे नियमच आहेत. पण पहिले काही दिवस नव्या माणसाला एकट्याने एक्सपोजर देऊ द्यायचं नाही, ही चांगल्या विभागांची पद्धत आहे. तो दार बंद करतो का, किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आवळतो का, प्रजननक्षम वयातल्या स्त्रीला गरोदरपणाबद्दल विचारतो का, लहान मुलाला धरायला कर्मचाऱ्याऐवजी एप्रन घातलेल्या नातेवाइकाला सांगतो का, हे सोबत उभं राहूनच समजतं.

तंत्रज्ञानेही हॉस्पिटलला उलट विचारायला हवं. मशीनचा परवाना चालू आहे का, दर दोन वर्षांनी होणारी गुणवत्ता चाचणी झाली आहे का, आरएसओ कोण आहे? रुजू व्हायच्या दिवशी बॅज मिळणार नसेल, तर तो येईपर्यंत एक्सपोजर देण्याची सक्ती मान्य करू नये. आणि जुनी नोकरी सोडताना बॅज परत करून आपल्या मात्रांची लेखी नोंद मागून घ्यावी. 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांप्रमाणे नोकरी संपताना ती देणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि आधी कुठे-कुठे किरणांचं काम केलं हे नव्या मालकाला सांगणं तंत्रज्ञाचं. शेवटच्या तिमाहीचा आकडा मागाहून येतो, त्यामुळे तो कुणाकडून आणि कधी मिळेल, हे निघण्याआधीच लिहून घ्यावं.