झिजलेला टाक आणि सूचीतला लेख

घरोघरीच्या देव्हाऱ्यातले टाक एखाद्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी मांडले जातात, तेव्हा प्रदर्शनाच्या सूचीसाठी लेख लिहिणाऱ्यापुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. वाचक साधा आहे, त्याला सगळे सोपे करून सांगायला हवे, असे धरून आपण लिहायला बसतो. पण खंडोबाचा टाक पाहायला आलेल्या बाईच्या घरी तसाच टाक असतो. तो कधी उजळायचा, जेजुरीला भेटीला कधी न्यायचा, तळी कशी भरायची, हे तिला अभ्यासकापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणून ‘भाविक असे मानतात की’ अशी वाक्ये तिला परकी वाटतात. तिच्याच घरातली गोष्ट कोणीतरी लांबून पाहून सांगतो आहे, असे तिला वाटते.

मग अभ्यासकाने सांगायचे काय? जे घरात राहून कळत नाही, ते.

समजा, समोर चांदीचा एक टाक आहे, तळहातात सहज मावेल एवढा. घोड्यावर खंडोबा, सोबत म्हाळसा, खाली कुत्रा आणि टापांजवळ दैत्य. पहिल्या मसुद्यात बहुतेक जण मार्तंडभैरव, मणी-मल्ल वध आणि मल्हारी माहात्म्य यांनी सुरुवात करतात. माझ्या मते लेखाची सुरुवात टाकाच्या झिजेपासून व्हावी. देवाचे नाक आणि घोड्याची मान जवळजवळ सपाट झाली आहे. कडेची नक्षी मात्र ठसठशीत आहे. टाक नुसता ठेवलेला असता, तर झीज अशी उंचवट्यांवरच झाली नसती. स्नान घालताना, पुसताना, उजळताना बोट जिथे पुन्हा पुन्हा फिरते, तिथेच पत्रा झिजतो. हे सांगितले की वाचक टाकाकडे पुन्हा वळून पाहतो आणि त्याला पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

त्यानंतर घडणीकडे यावे. पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकला की आकृती उठते. कारागिराच्या घरात तोच ठसा पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो, त्यामुळे आकृतीच्या शैलीवरून टाकाचे वय काढणे धोक्याचे असते. जुन्या ठशावर काल ठोकलेला टाकही जुनाच दिसतो. झिजेवरूनही वर्षे मोजता येत नाहीत, कारण रोज उजळला जाणारा टाक लवकर झिजतो आणि सणावारीच बाहेर निघणारा टिकून राहतो. तेव्हा ‘अठराव्या शतकातील दुर्मीळ टाक’ असे लिहिण्यापेक्षा ‘१९ वे किंवा २० वे शतक’ एवढेच लिहावे आणि नेमके का सांगता येत नाही, तेही दोन वाक्यांत सांगावे. अशाने लेखाचे वजन कमी होत नाही. पाहणाऱ्याला अभ्यासाची रीत कळते, आणि ती त्याला पुढच्या कपाटातल्या वस्तूसाठीही उपयोगी पडते.

रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांच्या खंडोबाविषयीच्या कामाचा आधार इथे घ्यावाच, पण प्रश्न उभा राहील तेवढ्यापुरता. म्हाळसा वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची. मग या टाकावर एकटी म्हाळसाच का? हा प्रश्न वाचकाच्या मनात आला की धनगर, वाणी आणि इतर समाजांनी एका देवाशी जोडलेल्या नात्यांची चर्चा त्याला ओझे वाटत नाही. मापे, धातू, दाखल क्रमांक, कुठून मिळाला, हे सगळे वस्तूच्या स्वतंत्र नोंदीत जावे. लेखात ते कोंबले की वाचन अडखळते.

एक गोष्ट मात्र लेखात यायलाच हवी, आणि तीच बहुधा गाळली जाते. टाक फार झिजला की घरचे लोक तो पाण्यात विसर्जित करतात किंवा मोडून त्याच चांदीचा नवा घडवून घेतात. म्हणजे जुना टाक मागे उरावा, ही मुळात रीत नव्हे. मग हा इथवर आला कसा? घर मोडले, वाटण्या झाल्या, चोरी झाली, की सोनाराने वितळवण्याआधी विकला? माहिती असेल तर ती लिहावी आणि नसेल तर ‘मूळ घराची माहिती नाही’ असे उघड लिहावे. खाचांत भंडाऱ्याचा पिवळा थर अजून असेल, तर त्याचाही उल्लेख हवा. कपाटात ठेवण्यापूर्वी टाक चकचकीत करण्याच्या नादात तो थर गेला, तर पूजेची शेवटची खूण पुसली जाते.

वाचकांना एक विनंती आहे. घरातले जुने टाक संग्रहालयाला द्यायचे ठरवलेत, तर ते उजळू नका. सोबत एका कागदावर गाव, कुळ, कोणता टाक कोणत्या देवाचा किंवा पूर्वजाचा आणि त्याची पूजा शेवटची केव्हा झाली, एवढे लिहून द्या.