अंथरुणावरच्या आजींची रोजची त्वचा-तपासणी

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी काही तास दबून राहिली की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि शय्याव्रणाची, म्हणजे ‘बेडसोअर’ची, सुरुवात होते. खुब्याचं हाड मोडून पडून असलेल्या आजींच्या अंगावर ती वेळीच ओळखायची, तर रोज अंग पुसताना पाच-सात मिनिटं काढावी लागतात.

☐ हाड वर आलेल्या जागा पाहा : माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागेही. टाच पाहायची ती पाय उचलूनच. सगळ्यात जास्त तीच राहून जाते.

☐ डाग दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली, तर रक्त फिरतं आहे. रंग हललाच नाही, तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर मात्र ही खूण फसवते. तिथे डाग लाल न दिसता जांभळट किंवा काळपट दिसतो, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. शेजारच्या कातडीपेक्षा जागा गरम, गार, टणक किंवा पिलपिलीत लागते का? आजी तिथे हात लावू देत नाहीत का?

☐ डायपर आणि चादर ओली नाही ना, खाली सुरकुती नाही ना, हे बघा.

समजा, सकाळी डाव्या टाचेवर रंग न बदलणारा डाग दिसला. पोटरीखाली उशी अशी ठेवा की टाच अधांतरी राहील. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. डाग तसाच असेल, तर टाचेवर भार येऊच देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. तेल लावून तिथे चोळायची आपल्याकडची सवय इथे घातक आहे, कारण चोळण्याने आतली नाजूक पेशीजाळी आणखी फाटते. रबरी रिंगही नको. तिच्या कडेचा दाब आतला रक्तपुरवठा तोडतो. कूस साधारण दर दोन तासांनी बदला, पण ओढून नव्हे, उचलून.

☐ फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. एक लांबून, कुठली जागा ते कळावं म्हणून. दुसरा जवळून, शेजारी मोजपट्टी आणि तारीख व बाजू लिहिलेली चिठ्ठी ठेवून. रोज तीच स्थिती, तेवढंच अंतर. नाहीतर डाग वाढला की कॅमेराच जवळ आला, हे कळत नाही. आधी आजींना विचारा, चेहरा येऊ देऊ नका. हे फोटो डॉक्टरांसाठी आहेत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी नव्हेत.

फोड, सोललेली कातडी, काळा डाग, पू, दुर्गंधी किंवा ताप दिसला, तर उद्याच्या फोटोची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.