‘आम्ही पण येतोय’ म्हणजे किती पानं?

गणपतीतल्या महाप्रसादाचा केटरर एकच प्रश्न विचारतो, आणि तोही साधारण तीन दिवस आधी: किती पानं? त्याला तांदूळ भिजवायचे असतात, जिलेबीची ऑर्डर द्यायची असते, वाढपी ठरवायचे असतात. उलट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच प्रश्नाची शंभरेक उत्तरं पडलेली असतात. ‘आम्ही पण’, ‘नक्की’, ‘बघतो’, ‘सासूबाई येणार आहेत, कळवते’, नुसता अंगठा, हात जोडलेले, मध्येच कुणाचा पाण्याच्या टँकरबद्दलचा निरोप, आणि त्या निरोपाखाली सात अंगठे. हे अंगठे टँकरला की महाप्रसादाला, हे देवालाच ठाऊक.

कार्यकारिणीतला कुणीतरी मग रात्री बसून वरून खाली संदेश वाचत आकडे जोडतो. इथेच पहिली गफलत होते, कारण तो संदेश मोजतो. मोजायचे असतात फ्लॅट. पुण्यातली ७२ फ्लॅटची, तीन विंगची एक सोसायटी उदाहरणादाखल धरू आणि हे काम शेवटपर्यंत करून पाहू.

कागदावर किंवा एक्सेलमध्ये आधी ७२ ओळी मारायच्या, प्रत्येक फ्लॅटला एक. सचिवांकडच्या यादीवरून कुलूपबंद फ्लॅट आणि परदेशी असलेले मालक बाजूला काढायचे. असे मालक ग्रुपवर मात्र हजर असतात आणि प्रेमाने ‘गणपती बाप्पा मोरया, मिस यू ऑल’ लिहितात. आपल्या सोसायटीत असे सहा निघाले, उरले ६६. आता ग्रुपवरचा प्रत्येक संदेश त्याच्या फ्लॅटच्या ओळीत नेऊन ठेवायचा. मोठे, पाच वर्षांवरची मुलं, पाच वर्षांखालची मुलं, बाहेरचे पाहुणे, असे चार रकाने पुरतात. एकाच फ्लॅटमधून दोन संदेश आले तर शेवटचा धरायचा. मात्र दोन्ही वेगवेगळ्या माणसांचे असतील तर कुणाचाच न धरता फोन करायचा. नवरा दुपारी ऑफिसातून ‘आमचे ४’ लिहितो आणि बायको संध्याकाळी ‘आम्ही ३, आदित्यचा क्लास आहे’ असं लिहिते. तिचंच बहुधा खरं असतं, पण विचारलेलं बरं.

संदेशांतले आकडे सरळ जोडले तेव्हा बेरीज आली होती १०४. ओळीवार लावल्यावर दिसलं की पाच घरांतून नवरा-बायको दोघांनी उत्तर दिलंय, त्यात १७ माणसं दोनदा मोजली गेली होती. म्हणजे खरी बेरीज ८७, तीही फक्त २८ फ्लॅटची. आणखी दहा फ्लॅट असे निघाले की ज्यांनी ‘हो’, ‘नक्की’ असं लिहिलंय, पण किती जण ते लिहिलंच नाही. साध्या बेरजेत त्यांची किंमत शून्य झाली होती. फोन केल्यावर तिथली ३४ माणसं निघाली. आता झाले ३८ फ्लॅट आणि १२१ माणसं.

ती १०४ ची बेरीज फसवी का होती, हे नीट पाहण्यासारखं आहे. एका बाजूने १७ जास्त, दुसऱ्या बाजूने ३४ कमी. दोन चुका एकमेकींना खात असल्यामुळे आकडा दिसायला अगदी पटण्यासारखा होता. एखाद्या वर्षी त्या बरोबर सारख्या निघाल्या, तर आपली पद्धत चोख आहे असं खजिनदारांना वाटू लागतं, आणि मग पुढच्या वर्षी जेवण कमी पडतं.

यावर अनेक जण पोल सुचवतात. व्हॉट्सॲपने ही सोय २०२२ च्या नोव्हेंबरात आणली. एका पोलमध्ये बारा पर्याय टाकता येतात आणि कुणी काय निवडलं ते नावासकट दिसतं. गोंधळ थोडा कमी होतो हे खरं, पण पोल फोन मोजतो. घरात चार फोन ग्रुपवर असतील तर चार मतं पडतात. आजी-आजोबा ग्रुपवर नसतील तर त्यांचं एकही पडत नाही. ‘२ जण, ३ जण, ४ जण’ असे पर्याय दिले तरी दोनदा मत पडण्याचा प्रश्न सुटत नाही. दुसरी रूढ पद्धत म्हणजे यादी कॉपी करून आपलं नाव खाली जोडायचं. दोघांनी एकाच वेळी जुनी यादी कॉपी केली की पहिल्याचं नाव दुसऱ्याच्या यादीतून गळतं. ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण नवी यादीही लांबलचकच दिसते.

त्यापेक्षा विचारण्याची भाषा बदललेली बरी. ‘महाप्रसादाला कोण कोण येणार?’ असं विचारलं की उत्साह मिळतो, आकडा मिळत नाही. त्याऐवजी आधी नमुना लिहून द्यावा: ‘ब-२०४, मोठे ३, लहान १, पाहुणे २’. आणि खाली ठळकपणे: ‘येणार नसाल तरी ब-२०४, शून्य असं लिहा. गुरुवारी रात्री ९ पर्यंत.’ या निरोपात सगळ्यात मोलाचा आहे तो शून्य. ग्रुपवर ‘आम्ही नाही येणार’ असं लिहायला लोक संकोचतात, अशुभ बोलल्यासारखं वाटतं. म्हणून ते गप्प बसतात आणि न येणारा व न वाचणारा यांच्यातला फरक पुसला जातो. फ्लॅट नंबरापुढे शून्य टाकायला तेवढा संकोच होत नाही.

वारही आधीच बघून ठेवावा. ज्या दिवशी घरोघरी गौरी जेवतात, त्या दिवशी महाप्रसाद ठेवला तर अर्धी सोसायटी स्वतःच्याच पुरणपोळीत अडकलेली असते. ऋषिपंचमीला आणि त्या पंधरवड्यातल्या एकादशीला उपास करणारे असतात. कोकणातली कुटुंबं पहिले पाच-सात दिवस गावी असतात आणि त्यांचा ‘नक्की’ परतीच्या गाडीवर अवलंबून असतो.

आपल्या सोसायटीत अजून २८ फ्लॅट उरलेत. पाच जणांनी स्पष्ट नाही म्हटलंय, सात जण ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ या गटात आहेत आणि सोळांचं काहीच उत्तर नाही. या शेवटच्या दोन गटांसाठी ग्रुपवर आठवण टाकून उपयोग नसतो. ज्यांनी आधीच सांगितलंय तेच पुन्हा अंगठे देतात. दर विंगमधून दोघांनी संध्याकाळी सातनंतर तेवीस दारं वाजवावीत. सोबत वही असावी, कारण जिन्यात ऐकलेला आकडा खाली येईपर्यंत विसरतो. दारात एक गोष्ट टाळावी: ‘मग धरू ना चार?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर ‘धरा’ म्हणतो. ‘तुमच्याकडून किती पानं?’ असं विचारून गप्प राहावं.

त्या फेरीतून सोळांपैकी नऊ घरं येणार निघाली, माणसं २९. चार घरं नाही म्हणाली, तीन दारांना कुलूप होतं. ‘बघतो’वाल्या सातांपैकी चार पक्के झाले, माणसं १३. एकाने नाही सांगितलं आणि दोघं अजूनही बघतायत. आता पक्की माणसं १६३. अनिश्चित पाच घरं, यादीप्रमाणे १७ माणसं. पक्क्यांत पाच वर्षांखालची नऊ मुलं आहेत. केटरर बहुधा त्यांचं पान लावत नाही, पण वयाची ही मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते, आधी विचारून घ्यावी. ती वजा करून १५४ पानं. त्यात सोसायटीचे वॉचमन आणि सफाईवाले मिळून आठ, गुरुजी आणि साउंडवाले मिळून तीन. ही अकरा माणसं ग्रुपवर कधीच नसतात आणि त्यामुळे हिशेबातून हमखास सुटतात. मग रात्री साडेदहाला वॉचमनसाठी पातेलं खरवडायची वेळ येते. एकूण १६५.

केटररला एक आकडा सांगण्यापेक्षा दोन सांगावेत. १६५ ही ‘गॅरंटी’, म्हणजे कमी लोक आले तरी तेवढ्यांचे पैसे द्यायचे. अनिश्चित सगळे आले तर १८२, म्हणजे तयारी साधारण १८० ची. वरच्या पानांचे पैसे जेवतील तेवढेच, असं आधी बोलून ठेवायचं. बरेच केटरर गॅरंटीपेक्षा थोडं जास्त शिजवतातच. किती जास्त, ते स्पष्ट विचारलं नाही तर कार्यकारिणी मनातून दहा पानं वाढवते, केटररही दहा वाढवतो, आणि रात्री मसालेभाताची पातेली घरोघरी वाटत फिरावं लागतं.

आणि सगळे पदार्थ या आकड्याला सारखे बांधलेले नसतात. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा यांत वीस पानं इकडेतिकडे खपून जातात. पुऱ्यांची कणीक हाताशी असली तर लागतील तशा तळता येतात. नगावर मोजले जाणारे पदार्थ मात्र ताणता येत नाहीत. उकडीचे मोदक प्रत्येकी दोन ठरवले असतील तर १६५ आणि १८२ यांतला फरक ३४ मोदकांचा आहे. म्हणून मोदक वरच्या आकड्याने सांगावेत, भात खालच्या. डोकी नेमकी मोजता येणारच नसतील, तर मोदकांऐवजी शिरा ठेवावा, असं माझं मत आहे. पुष्कळ सोसायट्यांनी ते अनुभवानेच ठरवलेलं दिसतं.

जेवणाच्या दिवशी फ्लॅट नंबर लिहिलेली कूपनं द्यावीत आणि पान घेताना परत घ्यावीत. ज्यांनी कळवलं नव्हतं, त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाची. नुसत्या उरलेल्या प्लेटा मोजून कळतं किती वापरल्या, पण काही जण दुसऱ्यांदा नवी प्लेट घेतात, त्यामुळे तो आकडा थोडा फुगतो.

आपल्या सोसायटीत समजा रात्री डब्यातून १७१ कूपनं निघाली. पक्क्या १५४ पानांपैकी १४६ आली. अकरा माणसं ठरल्याप्रमाणे जेवली. न कळवता आलेली नऊ. आणि अनिश्चित सतरांपैकी फक्त पाच. पक्क्यांतले आठ गळाले आणि नऊ ऐनवेळी वाढले, ही जवळजवळ बरोबरी झाली, त्यामुळे गॅरंटीला धक्का लागला नाही. पण अनिश्चितांपैकी निम्मे येतील असं अनेक जण धरतात, ते इथे खोटं ठरलं. ओळीवारीच्या त्याच कागदावर पाठीमागे लिहून ठेवायचं: पक्के शंभरात पंचाण्णव, ‘बघतो’ तिघांत एक, न सांगता आलेले नऊ, त्यातले सहा क विंगचे. पुढल्या वर्षी दारं वाजवायला क विंगपासून सुरुवात करायची.