फोन बंद पडला तर?

दुपारची गर्दी. गल्ल्यापाशी तीन गिऱ्हाइकं उभी, त्यातलं एक म्हणतं, "चारशे वीस झाले ना? मांडून ठेवा." हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा साठ सेकंदांचा व्हिडिओ इथूनच सुरू व्हावा. आधी कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह दाखवलं, तर दुकानदाराचा अंगठा पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो.

साठ सेकंदांत सावकाश बोललेले सव्वाशेच्या आसपास शब्द मावतात. तेवढ्यात जीएसटीचं बिल, मालाचा साठा, नफ्यातोट्याचा तक्ता हे सगळं कोंबू नये. मी फक्त उधारी घेतो, कारण दुकानदाराची खरी भीती तिथे असते: फोन बंद पडला तर माझं येणं बुडालं का?

म्हणून पहिल्या वीस सेकंदांत दुकानदार गिऱ्हाइकाचं खातं उघडतो. मागची बाकी १,२६० रुपये. आजचे ४२० तो नावे टाकतो, पडद्यावर १,६८० दिसतात. शेजारी उघड्या वहीतही तोच आकडा. संवादात 'डेबिट एन्ट्री' नको. 'नावे', 'जमा', 'बाकी' हे शब्द त्याच्या वहीत आहेतच.

पुढची पंचवीस सेकंदं फक्त त्या भीतीची. दुकानदार फोन बंद करतो, मुलाच्या फोनवर तेच अ‍ॅप उघडतो. इथे संहिता लिहिणारे हमखास चुकतात. बऱ्याच अ‍ॅपमध्ये आत शिरायला ओटीपी लागतो आणि तो बंद फोनमधल्या सिमवर येतो. त्यामुळे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालताना दाखवलंच पाहिजे. फोन सिमसकट हरवला असेल तर आधी त्याच नंबरचं नवं सिम घ्यावं लागतं, हे एका वाक्यात सांगावं. मग १,६८० पुन्हा दिसतात.

दुसरी अडचण इंटरनेटची. रेंज नसताना केलेली नोंद काही अ‍ॅपमध्ये तेवढा वेळ फोनमध्येच राहते. ती वर पोहोचण्याआधी फोन बिघडला तर नोंद जाते. म्हणून नोंद पोहोचल्याची खूण कॅमेऱ्यात जवळून दिसू द्यावी. ही मर्यादा लपवली आणि दुकानदाराला ती एकदा भोवली, तर तो पुन्हा अ‍ॅपला हात लावणार नाही. तसं करणं योग्यच आहे.

शेवटच्या पंधरा सेकंदांत मी वही बंद करायला सांगत नाही. "पंधरा दिवस दोन्हीकडे मांडा. रविवारी रात्री बेरीज जुळते का बघा," एवढंच दुकानदाराच्या तोंडी देतो.

चित्रीकरणाआधी ही संहिता एखाद्या दुकानदाराला वाचून दाखवावी आणि विचारावं, फोन पाण्यात पडला तर काय कराल? "सिम दुसऱ्या फोनात घालीन," असं उत्तर आलं तर कॅमेरा काढावा. "कंपनीला फोन करीन," असं आलं, तर मधली पंचवीस सेकंदं पुन्हा लिहायला बसावं.