स्नायूंचा हिशेब दर जेवणाला

साठी-सत्तरीच्या पुष्कळ माणसांचं वजन वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, आणि त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. काटा मात्र एक गोष्ट सांगत नाही. मांड्या, पाठ आणि दंडांतले स्नायू कमी होत गेले आणि तेवढीच चरबी पोटावर चढली, तरी आकडा हलत नाही. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही लवकर उतरते. ही घट प्रमाणाबाहेर गेली की डॉक्टर तिला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. जिना चढताना कठडा धरावा लागणं, जमिनीवर बसलं की उठताना कुणाचा तरी हात शोधणं, ही तिची रोजची रूपं.

स्नायू म्हणजे एकदा बांधून ठेवलेली वस्तू नव्हे. त्यांची मोडतोड आणि बांधणी दिवसरात्र चालू असते. जेवणातून प्रथिनं आली की बांधणीला जोर येतो. पोट रिकामं असलं की मोडतोड पुढे जाते. रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर स्नायूंतूनच अमिनो आम्लं काढून इतर अवयवांना पुरवत असतं. बांधणी सुरू करण्याचा इशारा मुख्यतः ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल देतं. रक्तात ते पुरेसं चढलं, तरच स्नायूंतल्या पेशी कामाला लागतात.

वय वाढतं तसे स्नायू या इशाऱ्याला कमी दाद देऊ लागतात. तरुण आणि वयस्क पुरुषांवरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१५ साली एक अंदाज काढला गेला. तरुणाच्या स्नायूंची बांधणी पूर्ण जोमात येण्यासाठी एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिनं पुरतात; सत्तरीच्या आसपास तेच साधायला ०.४ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या आजोबांना एका जेवणात साधारण २४ ग्रॅम हवीत, आणि तेवढ्याच वजनाच्या नातवाचं १५ ग्रॅममध्ये भागतं.

मग एकाच जेवणात भरपूर खाऊन दिवसाची भरपाई होईल का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांतल्या काहींना ३० ग्रॅम प्रथिनं असलेलं गोमांस दिलं आणि काहींना ९० ग्रॅमचं. पुढच्या काही तासांत दोन्ही प्रमाणांनी स्नायूंची बांधणी जवळपास सारखीच वाढली. चरबीसाठी शरीराकडे कोठार आहे, प्रथिनांसाठी तसं कोठार नाही. जास्तीच्या अमिनो आम्लांतला बराचसा भाग इंधन म्हणून जळतो आणि त्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे निघून जातो. रविवारच्या मटणाची भरपाई सोमवारच्या नुसत्या पोह्यांना होत नाही, ती यामुळे.

आता आपल्याकडचा एक नेहमीचा दिवस मांडून पाहू. ६८ वर्षांचे, ६० किलो वजनाचे, शाकाहारी गृहस्थ धरा. सकाळी चहा आणि बशीभर पोहे, वर थोडे शेंगदाणे: सगळं मिळून ७-८ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण आणि थोडा भात: १५-१६ ग्रॅम. रात्री ‘हलकं’ म्हणून मुगाची मऊ खिचडी: ६-७ ग्रॅम. दिवसाची बेरीज तिशीत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे यांना रोज ५० ग्रॅम हवीत. म्हातारपणाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तर १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. त्या हिशेबाने ६० ते ७२. एकादशीला साबुदाण्याची खिचडी झाली की आकडा आणखी खाली येतो, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या खिचडीतली प्रथिनं असतात ती शेंगदाण्यांची.

नुसती समान वाटणी म्हणजे सगळं नव्हे, हे इथेच लक्षात येतं. तीस ग्रॅमचे दहा-दहाचे तीन भाग केले, तर एकही जेवण उंबरठ्यापर्यंत पोचत नाही. आधी बेरीज वाढवायची आणि ती वाढवताना सगळ्यांत रिकाम्या जेवणापासून सुरुवात करायची. बहुतेक घरांत ते जेवण म्हणजे न्याहारी, आणि नेमकी तीच रात्रभराच्या मोडतोडीनंतर येते.

याच गृहस्थांच्या न्याहारीत पोह्यांऐवजी मुगाच्या डाळीची दोन-तीन धिरडी आली (साधारण ६० ग्रॅम डाळ, १४ ग्रॅम प्रथिनं), सोबत मोठी वाटी दही (५ ग्रॅम) आणि शेंगदाण्याची चटणी (२-३ ग्रॅम), की काम २१-२२ पर्यंत जातं. अंडी चालत असतील तर दोन अंडी आणि पेलाभर दूध मिळून १९ ग्रॅम होतात. दुपारच्या ताटात वाटीभर मटकीची उसळ वाढली की २२-२३. रात्री खिचडीऐवजी भाकरी, घट्ट पिठलं आणि पेलाभर दूध घेतलं तर वीसच्या आसपास. दिवसाची बेरीज ६०-६५ वर गेली आणि कोणतंच जेवण रिकामं राहिलं नाही. डाळी-कडधान्यांतलं ल्युसीन दुधा-अंड्यांपेक्षा कमी असतं आणि ती पचतातही थोडी कमी. म्हणून प्रत्येक वेळी दूध, दही किंवा पनीर जोडीला असलेलं बरं.

पुरावा कुठवर जातो, हेही पाहायला हवं. २०१४ च्या एका प्रयोगात दिवसाची ९० ग्रॅम प्रथिनं तीन जेवणांत ३०-३०-३० अशी वाटली, तेव्हा सकाळी १० आणि रात्री ६० च्या वर देण्यापेक्षा दिवसभराची बांधणी सुमारे २५ टक्क्यांनी जास्त झाली. पण त्यात माणसं मोजकी होती आणि म्हातारी नव्हती. नंतर वयस्कांवर झालेल्या काही प्रयोगांत वाटणीने फारसा फरक दिसला नाही. फरक पडला तो एकूण प्रमाणाने. फ्रान्समध्ये १९९९ साली वृद्ध स्त्रियांना दुपारच्या एकाच जेवणात बहुतेक प्रथिनं दिली, तेव्हा नायट्रोजनचा हिशेब उलट सुधारला. म्हणजे भरपूर प्रथिनं खाणाऱ्याला वाटणीची चिंता करण्याचं फारसं कारण नाही. रोजची बेरीज जेमतेम असणाऱ्याला मात्र न्याहारी भक्कम करणं हा ती वाढवण्याचाच सोपा मार्ग आहे, कारण रात्री एकदम ५० ग्रॅम खाणं म्हाताऱ्या पोटाला झेपत नाही.

दोन गोष्टी सोडून चालणार नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत. आणि स्नायूंवर ताण दिला नाही तर नुसतं खाऊन ताकद येत नाही. व्यायामानंतर तेच स्नायू त्याच जेवणाला जास्त दाद देतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा पायऱ्या चढणं, भिंतीला हात टेकून दंड काढणं, खुर्चीवरून उठबस करणं एवढ्यानेही सुरुवात होते.

ही उठबस मोजमापाच्याही कामाची. हात छातीवर घडी करून, खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायचं-बसायचं आणि घड्याळ लावायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. तोल जात असेल तर जवळ कुणीतरी उभं असू द्यावं. न्याहारी आणि व्यायाम बदलल्यावर तीन महिन्यांनी हीच वेळ पुन्हा मोजली, तर काट्याला न दिसलेला बदल सेकंदांत दिसतो.