एका डायपरची खरी किंमत

डायपरच्या पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं आणि त्याखाली हसरं बाळ. नग किती, ते एखाद्या कोपऱ्यात. हिशेब मात्र त्या कोपऱ्यातूनच सुरू करावा लागतो. पाकिटाची किंमत भागिले नगांची संख्या, एवढंच गणित. वेष्टनबंद मालाच्या २०११च्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नगावर विकल्या जाणाऱ्या वस्तूची दर नगाची किंमतही वेष्टनावर छापायची असते. पण हा छापील दर एमआरपीवरून काढलेला असतो. डायपर एमआरपीला क्वचितच विकले जातात. एका कंपनीच्या पाकिटावर दहा टक्के सूट असते, दुसरीच्या चाळीस. त्यामुळे छापील दर एकमेकांशी ताडून उपयोग नाही. आपल्या खिशातून जाणारी रक्कम घ्यायची, त्यात घरपोच आणण्याचा खर्च असेल तर तोही मिळवायचा आणि मग भागायचं. जुन्या बिलाशी तुलना करताना तारीखही पाहावी, कारण २२ सप्टेंबर २०२५पासून बाळांच्या डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

पहिली गफलत होते ती साइजमध्ये. बऱ्याच कंपन्या एका मालिकेतल्या सगळ्या साइजच्या पाकिटांची किंमत जवळपास सारखीच ठेवतात आणि साइज वाढेल तसे आतले नग कमी करतात. समजा ६०० रुपयांच्या पाकिटात एमचे ६० नग आहेत, एलचे ५०. किंमत तीच दिसते, पण एमचा नग १० रुपयांना पडतो आणि एलचा १२ रुपयांना. म्हणून एका कंपनीच्या एमची तुलना दुसरीच्या एलशी करू नये. पँटसारखा चढवायचा डायपर आणि बाजूला चिकटपट्ट्या असलेला डायपर यांचीही सरमिसळ टाळावी.

आता पाकिटावरची वजनं पाहा. एम साधारण ७ ते १२ किलोसाठी असतो, एल ९ ते १४ किलोसाठी. कंपनीनुसार किलोभर इकडेतिकडे होतं. म्हणजे नऊ ते बारा किलोंच्या बाळाला दोन्ही साइज चालतात, आणि या टप्प्यात बाळं बरेच महिने असतात. ‘पुढे होईलच’ म्हणून लवकर एल घेणारे घर दर नगामागे जास्त मोजतं. वर सैल मांड्यांमधून गळतं ते वेगळंच. साइज बदलायची वेळ बाळाचं अंगच सांगतं. मांड्यांवर आणि कमरेवर लाल वळ उठतात, कमरपट्टी बेंबीच्या बरीच खाली राहते किंवा शी पाठीकडून वर येऊ लागते. यातलं काही दिसलं, तर मात्र दोन रुपये वाचवण्यासाठी लहान साइज ताणू नये.

एक उदाहरण घेऊ. मुलगी अकरा महिन्यांची, वजन साडेनऊ किलो, एम नीट बसतो. किमती हिशेबापुरत्या धरलेल्या आहेत. नावाजलेल्या कंपनीचं १० नगांचं पाकीट १२५ रुपयांना मिळतं, म्हणजे नग साडेबारा रुपयांना. ४२ नगांचं ४६२ रुपयांना, म्हणजे ११ रुपये. १५२ नगांचा मोठा पॅक १४४४ रुपयांना, म्हणजे साडेनऊ रुपये. दुसऱ्या, स्वस्त कंपनीचे ६४ नग ४८० रुपयांना, म्हणजे साडेसात रुपये. या चौघांत स्वस्त कंपनी सरळ जिंकलेली दिसते.

पण घर चालतं ते दिवसाच्या खर्चावर. डायपरच्या गाभ्यात पाणी धरून त्याची जेली करणारे बारीक कण असतात. ते किती आहेत आणि कसे पसरलेले आहेत, यावर तो किती वेळ कोरडा राहतो हे ठरतं. स्वस्त डायपर सगळेच कमी धरतात असं नाही, पण आपण घेतलेला कमी धरतो का, हे एका रात्रीत कळतं. पहाटे अंथरूण ओलं झालं किंवा गाभा गोळा होऊन दोन पायांत लोंबला, तर समजावं.

समजा या घरात दिवसा चार आणि रात्री एक डायपर लागतो. नावाजलेला, मोठ्या पॅकमधला वापरला तर दिवसाला साडेसत्तेचाळीस रुपये होतात. स्वस्त वापरला तर रात्री मध्येच उठून एक जास्त बदलावा लागतो. मग सहा नगांचे पंचेचाळीस रुपये. एका नगामागे दिसणारा दोन रुपयांचा फरक अख्ख्या दिवसात अडीच रुपयांवर येतो, आणि मोडलेली झोप व चादरीची धुलाई त्यात धरलेलीच नाही.

यातला चांगला मार्ग दोन्ही ठेवण्याचा. दिवसा डायपर शी झाली की बदलतोच, नाहीतर तीन-चार तासांनी बदलतो. बारा तास टिकण्याची क्षमता तिथे वायाच जाते. म्हणून दिवसाचे चार स्वस्त, तीस रुपयांचे, आणि रात्रीचा एक साडेनऊचा. दिवसाला साडेएकोणचाळीस. पूर्ण नावाजलेल्या डायपरच्या तुलनेत महिन्याला २४० रुपये वाचतात.

मात्र रात्रीचा नग साडेनऊला मिळतो तो मोठ्या पॅकमध्ये, आणि रोज एकच वापरायचा तर १५२ नग पाच महिने पुरतील. तोवर साइज बदलली तर? मोठ्या पॅकचा धोका हाच. त्यातले ४० नग उरले, तर वापरलेल्या ११२ नगांवर १४४४ रुपये पडतात, म्हणजे नगाला जवळपास तेरा. ही किंमत दहाच्या छोट्या पाकिटाहूनही जास्त झाली. या पॅकमध्ये वीसपेक्षा अधिक नग उरणार असतील, तर ११ रुपयांचं मधलं पाकीटच परवडतं. ते घेऊनही या घराचा रोजचा खर्च ४१ रुपयांवरच राहतो.

त्यामुळे मोठा पॅक कधी घ्यायचा, हे बाळाच्या वाढीच्या वेगावर ठरवावं. नवजात साइज साधारण ५ किलोपर्यंत चालतो, आणि बहुतेक बाळं दीड-दोन महिन्यांत तिथे पोचतात. शिवाय जन्माचं वजन आधी ठाऊक नसतं. रोज आठ-दहा नग लागत असले, तरी हा साइज साठवू नये. बारशाला डायपर भेट द्यायचे असतील तर एम द्यावेत, ते हमखास वापरले जातात. सहा महिन्यांनंतर वजनाचा वेग मंदावतो. तेव्हा रोजचे सगळे नग एकाच पॅकमधून वापरणाऱ्या घराला मोठा पॅक खरोखर स्वस्त पडतो. पण कंपनी नवी असेल, तर आधी छोटं पाकीट आणून दोन रात्री पाहाव्यात. कातडी लाल झाली तर दीडशे नगांचं करायचं काय?

आणि एकदा काढलेला दर कायमचा धरू नये. किंमत तीच ठेवून पाकिटातले दोन-चार नग कमी करणं ही बाजाराची जुनी रीत आहे. सूटही आठवड्याला बदलते. एकाच कंपनीचं मधलं पाकीट कधी कधी मोठ्यापेक्षाही स्वस्त पडतं. खरेदीआधी कोपऱ्यातला नगांचा आकडा पुन्हा वाचून भागाकार करायला अर्धं मिनिट लागतं.